बाराशे सत्तेचाळीसच्या पत्त्यावर माझं घर

मी एका बाईचं घर पुसलं. विटांचं नव्हे, कागदावरचं. कागदावरचं म्हणणंही बरोबर नाही, कारण कागद कुठे नव्हताच. पण पुसलं, आणि त्या जागी स्वतःचं बांधलं. हे करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. एरवी घरात खिळा ठोकायचा तर मी चार दिवस घेतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात माझं लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करायचं छोटं दुकान होतं, एक संगणक, एक प्रिंटर, आणि पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आत्याचं नाव राहिलं म्हणून भांडायला येणारी माणसं. माझा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने खोडणं. त्यात मी नाव कमावलं होतं. घरात मात्र कुणी ते मानत नसे. बायको म्हणायची, "लोकांच्या पत्रिकेतली वेलांटी दिसते, आणि दुधावर मांजर बसलंय ते दिसत नाही."

दुकानात फोनला मोडेम जोडलेला होता. तो केकाटायला लागला की शेजारचा शिंपी हात जोडायचा. त्या केकाटण्यातून इंटरनेट यायचं, कधी यायचं, कधी नाही.

तर माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धरणगावहून आमच्याकडे राहायला आला होता. धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत भांडार विभागात जागा निघाल्या होत्या. कंपनी ट्रॅक्टरचे सुटे भाग करायची आणि काळाच्या फार पुढे होती, निदान तसं तिच्या जाहिरातीत लिहिलं होतं. अर्ज पोस्टाने नको, वेबसाइटवर भरा. मेहुण्याने माझ्या दुकानातूनच भरला. त्याला एक अर्ज क्रमांक मिळाला. मग तो आमच्याकडे राहणार म्हणून मुलाखतीचं पत्र धरणगावऐवजी जळगावला यावं, अशी दुरुस्ती करायची ठरलं.

एका दुपारी मी संगणकावर बसलो, तो मागे स्टुलावर. मी म्हटलं, "नंबर सांग."

"बाराशे चौऱ्याहत्तर."

इथेच घोळ झाला. आपण आकडा उलटा बोलतो. 'चौऱ्याहत्तर' म्हणताना आधी चार येतो तोंडातून, मग सत्तर. हात टायपिंगचा, कान ऐकेल तसा चालणारा. बारा ऐकलं, बारा टाकलं. 'चौ' ऐकलं, चार टाकला. 'हत्तर' ऐकलं, सात टाकला. झाले बाराशे सत्तेचाळीस. मी पत्रिका छापणाऱ्यांना दहा वर्षं बजावत होतो की तारीख कुणी तोंडी सांगितली तर पुन्हा विचारून घ्या. स्वतःला बजावायचं राहिलं होतं.

पान उघडलं. नाव वर होतं, पत्त्याची चौकट खाली. माझा पडदा चौदा इंची, मी सरळ खाली गेलो. चौकटीतला पत्ता खोडला, आमचा टाकला, 'जतन करा' अशा अर्थाचं इंग्रजी बटण दाबलं. तेव्हा वर आलं: धन्यवाद, श्रीमती अमुक.

मेहुणा म्हणाला, "जिजाजी, मी श्रीमती कधी झालो?"

मी मागे जायचं बटण दाबलं. पान पुन्हा कंपनीच्या सर्व्हरवरून आलं, आणि चौकटीत आमचंच घर. तिचा पत्ता गेला तो गेला. खोडताना डोळ्यांखालून गेलेलं एवढंच आठवत होतं की शेवटी अमळनेर होतं. फोन नंबर शेजाऱ्यांचा होता, 'पी.पी.' असं पुढे लिहिलेला, त्याचेही दोन आकडे आठवेनात. ते पान मला त्या बाईंचं वय सांगत होतं, पतीच्या निधनाचं वर्ष सांगत होतं, आधीची नोकरी का सुटली तेही. मी हे वाचलं याची मला आजही लाज वाटते, पण डोळे वाचल्यावर मिटतात, आधी नाही.

मग मी नीट बाराशे चौऱ्याहत्तर टाकून मेहुण्याचा पत्ता बदलला. तोही बदलला गेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की या दोन्ही वेळा मला कुणी काहीही विचारलं नव्हतं. ना पासवर्ड, ना जन्मतारीख. पानाच्या पत्त्यात शेवटी जो नंबर लिहाल, तो अर्ज उघडा. नंबर तर ओळीने दिलेले. माझ्यासारखा बावळट चुकून एक बदलतो. शहाणा माणूस ठरवून सगळे बदलेल. मी आणखी एकही नंबर टाकून पाहिला नाही. हात शिवशिवला होता, खोटं का बोलू. पण मी संगणकच बंद केला आणि घरी जेवायला गेलो.

जेवताना बायकोला सांगितलं. मेहुणा म्हणाला, "जिजाजी, माझी मुलाखत होऊ द्या, मग कळवा. आत्ता कळवाल तर म्हणतील याच्या घरच्यांनीच कंपनीचा कॉम्प्युटर फोडला."

बायको म्हणाली, "आणि त्या बाईचं मुलाखतीचं पत्र?"

"आपल्या घरी येईल. आलं की पुढे पाठवू."

"पुढे म्हणजे कुठे? पत्ता तर तुझ्या जिजाजींनी पुसला."

मेहुण्याने आमटीत भाकरी कुस्करली. मग त्याने विचारलं, "कळवलं तर कंपनी बक्षीस देते का?"

त्या काळी आपल्याकडे अशी चूक दाखवणाऱ्याला बक्षीस देणारी कंपनी माझ्या ऐकण्यात नव्हती. चूक दाखवणाऱ्याला चहा मिळाला तरी पुष्कळ. मी म्हटलं, "मिळाली तर शिवी मिळेल."

"मग पाठवा," बायको म्हणाली. "भाकरी घ्या आधी."

कुणाला पाठवायचं हा प्रश्न होता. वेबसाइटवर भरतीचा पत्ता होता, पण तिथे शेकडो उमेदवारांच्या विनवण्या जात असणार. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून घेतलेल्या एका संगणकाच्या मासिकात मी वाचलं होतं की कंपन्यांनी ठरावीक कामांसाठी ठरावीक नावाचे ई-मेल ठेवावेत अशी रीत आहे, आणि असल्या धोक्याची बातमी द्यायची ती 'सिक्युरिटी' या नावाच्या पत्त्यावर. कंपनीच्या वेबसाइटवर संपर्काच्या यादीत तो होताही: सिक्युरिटी. मी खूश झालो. म्हटलं, धुळ्याची कंपनी खरंच काळाच्या पुढे आहे.

ई-मेल इंग्रजीत लिहिला. इंग्रजी माझंच असल्यामुळे इथे मराठीत सांगतो, अब्रू राहील. विषय: तुमच्या भरतीच्या पानावर कुणीही कुणाचाही अर्ज उघडून बदलू शकतो. खाली पायरीपायरीने: हे पान उघडा, शेवटचा नंबर बदला, दुसऱ्याचा अर्ज दिसेल, काही न विचारता जतनही होईल. मग माझा गुन्हा, वेळेसकट: आज दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या हातून बाराशे सत्तेचाळीसचा पत्ता बदलला गेला, त्यावर आता माझं घर आहे, मूळ पत्ता तुमच्याकडच्या कागदातून परत घाला, नाहीतर त्या उमेदवाराचं पत्र तिला मिळणार नाही. बाराशे चौऱ्याहत्तर माझ्या मेहुण्याचा. या दोन नंबरांखेरीज मी एकही उघडला नाही. दुरुस्ती होईपर्यंत ते पान काढून ठेवा. मी हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही आणि मला काही नको. खाली नाव, दुकानाचा फोन. मेहुण्याचं नाव घालू की नको म्हणून अर्धा तास घालवला. शेवटी घातलं. अर्धं सांगितलेलं खरं हे मुळीच न सांगितलेल्यापेक्षा वाईट वास मारतं.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुकानातला फोन वाजला.

"सिक्युरिटी बोलतोय," भारदस्त आवाज, बोली अहिराणी. "दार कोन्तं उघडं शे?"

"दार?"

"तुमनं पत्र शे ना हाई? उघडं शे म्हने. गेट नंबर सांगा."

"गेट नाही साहेब, पेज."

"पेज म्हंजे मागलं गेट का?"

हळूहळू उलगडा झाला. कंपनीत ई-मेल आले तेव्हा संगणक विभागाने प्रत्येक खात्याला एकेक पत्ता देऊन टाकला होता. खरेदीला खरेदी, हिशेबाला हिशेब, सिक्युरिटीला सिक्युरिटी. सिक्युरिटी म्हणजे मुख्य फाटकावरची केबिन. तिथे संगणक नव्हताच. संगणक विभागातला माणूस आलेले ई-मेल छापायचा आणि शिपायाबरोबर फायलीत घालून खात्याखात्याला पाठवायचा. माझा धोक्याचा इशारा असा छापील रूपाने फाटकावरच्या प्रमुखाच्या टेबलावर पोचला होता. ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, पारोळ्याकडच्या खेड्यातले.

मी कपाळावर हात मारला. पण मग त्यांना आपलं साध्या भाषेत सांगितलं. "आबा, असं समजा, भरतीच्या अर्जांचं एक कपाट आहे, रस्त्यावर ठेवलेलं. खणांना नंबर आहेत. कुलूप एकालाही नाही. मी माझ्या माणसाचा खण उघडायला गेलो, चुकून शेजारचा उघडला, आणि त्यातल्या बाईचा पत्ता खराब केला."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आनि तुम्ही सोताहून सांगी राह्यनात?"

"हो."

"वही मां लिखी ठेवं मी. तीन दिन जाल्या, कारन मले इंग्रजी वाचाले नातूची वाट पाहाले लागनी." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं. कुठल्या दारावर जाऊन हाक मारली मी! पण दुसऱ्याच दिवशी भरती बघणाऱ्या पर्सोनेल मॅनेजरचा फोन आला. हा माणूस मराठी बोलायचा, पण आपण उपकार करतोय अशा पद्धतीने. "तुम्ही आमच्या सिस्टिममध्ये घुसलात. उद्या अकरा वाजता धुळ्याला या. नाही आलात तर तुमच्या नातेवाइकाच्या अर्जाबद्दल आम्हाला विचार करावा लागेल."

"मूळ पत्ता परत घातला का?" मी विचारलं.

"ते आम्ही बघू."

"म्हणजे नाही घातला."

"उद्या या," ते म्हणाले.

सकाळच्या एसटीने गेलो. एरंडोलपर्यंत मी मनात मोठं भाषण तयार केलं, पारोळ्यापर्यंत विसरलो. कंपनीच्या फाटकावर सुभेदार उभे होते, मिशा पांढऱ्या, बूट आरशासारखे. माझं नाव त्यांनी रजिस्टरमध्ये स्वतः लिहिलं, आलेली वेळ लिहिली, आणि म्हणाले, "चला, मी बी येस वर. तक्रार मन्हा टेबलवर उनी शे, तपास मन्हा शे."

वरच्या खोलीत पर्सोनेल मॅनेजर होते आणि संगणक विभागाचा प्रमुख, पुण्याहून आलेला तरुण, गळ्यात टाय. दोघांसमोर चहा होता. टेबलावर एक टाइप केलेला कागद माझ्याकडे तोंड करून ठेवला होता.

"सही करा," मॅनेजर म्हणाले.

मी वाचला. मी कंपनीच्या संगणकात परवानगीशिवाय प्रवेश केला. उमेदवारांची माहिती पाहिली. याबद्दल मला खेद आहे. कंपनीच्या यंत्रणेत कोणताही दोष नाही. हे मी कुणाशी बोलणार नाही.

"यातला दोष नाही हे खोटं आहे," मी म्हटलं.

"दोष नाहीच," टायवाला म्हणाला. "ज्याचा नंबर त्यालाच दिलाय. दुसऱ्याचा नंबर माणसाला कळणारच कसा?"

"बाराशे चौऱ्याहत्तरनंतर काय येतं?"

त्याने चहाचा कप उचलला. सुभेदार म्हणाले, "पंच्याहत्तर."

"पण मुळात टाकून बघायचाच कशाला?" मॅनेजर. "इतका चुकीचा नंबर चुकून कसा टाकला जातो? बारा सात चार, बारा चार सात!"

मी त्यांना चौऱ्याहत्तरची गंमत सांगितली. आधी चार ऐकू येतो, मग सत्तर. मॅनेजरांना ती पटली नाही. ते आकडे इंग्रजीतच बोलत. पण सुभेदारांनी मांडीवर हात मारला. "अवो साहेब, याच पायी तर गेटवर ट्रकना नंबर आमी एक एक आकडा करी लिखतस! पयल्या वरिसले सगळ्या गाड्या उलट्या लिखायन्यात. एक, दोन, सात, चार. असं."

"सुभेदारसाहेब, तुम्ही खाली जा," मॅनेजर म्हणाले. "हा कॉम्प्युटरचा विषय आहे."

"पत्ता सिक्युरिटीना शे."

हा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. ते बसून राहिले.

मग मला विचारलं गेलं की तुम्ही किती अर्ज पाहिलेत, खरं सांगा. मी म्हटलं, एक चुकून, एक आमचा. मॅनेजर हसले. तेव्हा माझ्या डोक्यात मासिकातलं आणखी एक पान उघडलं. मी टायवाल्याला म्हटलं, "तुमच्या सर्व्हरवर नोंद होत असेल ना? कोणत्या क्षणी, कुठल्या जोडणीवरून, कोणतं पान मागितलं?"

तो म्हणाला, "लॉग असतो, पण…"

"काय शे ते?" सुभेदारांनी विचारलं.

"लॉग. प्रत्येक येणाऱ्याची आपोआप नोंद."

सुभेदार खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे तुमनाकडे बी गेट रजिस्टर शे? आनि ते न पाहता तुम्ही या मानुसले चोर म्हनतस?"

सर्व्हर पुण्याला होता. लॉग फोनच्या तारेवरून उतरवून घ्यायला वीस मिनिटं लागणार होती. टायवाला उठून गेला. त्या वीस मिनिटांत मॅनेजरांनी मला चहा विचारला नाही. सुभेदारांनी शिपायाला हाक मारून दोन कप मागवले, एक माझ्यासमोर ठेवला, आणि खिशातून एक जाड वही काढली. पानांना छापील क्रमांक. तिला ते घटना वही म्हणत. मॅनेजरांच्या देखत त्यांनी माझी नोंद वाचून दाखवली. लिहिताना ते शुद्ध मराठी लिहीत:

"जळगावच्या एका इसमाने कळविले की भरतीच्या कपाटास कुलूप नाही. चोरी नाही. एका बाईचा पत्ता चुकून बिघडला. इसमाने स्वतःहून सांगितले. वरिष्ठांस कळविले."

"हे लिहायची काय गरज होती?" मॅनेजरांचा आवाज बारीक झाला होता.

"लिखं ते लिखं. पान फाडता येत नही. महिनाना शेवटले मोठे साहेब सही करतस."

टायवाला परत आला, हातात भोकांच्या कडांचा लांब कागद. त्या दुपारी त्या जोडणीवरून बाराशे सत्तेचाळीस तीनदा: उघडलं, जतन केलं, पुन्हा उघडलं. मग बाराशे चौऱ्याहत्तर दोनदा: उघडलं, जतन केलं. पुढे काही नाही. वेळा माझ्या पत्रातल्या. तो ते मोठ्याने वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा टाय सैल होत गेला. मी पाहिलं, त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. पान त्यानेच बनवलं होतं.

"पासवर्ड टाकायला हवा होता," तो पुटपुटला. "मी आत्ता पान काढून ठेवतो."

हे एकच वाक्य ऐकायला मी तिकीट काढून आलो होतो. पण मॅनेजर हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कागद पुन्हा पुढे सरकवला. "ठीक आहे. चूक झाली. पण प्रक्रिया म्हणून सही करा. तुमच्या मेहुण्याला मुलाखतीला बोलावलंय. पत्रं आजच्या टपालाने जातायत. पत्र जावं असं वाटतं ना?"

एक क्षण मला बायकोचा चेहरा दिसला, आणि स्टुलावर बसलेला तिचा भाऊ. त्याने मला काहीच सांगून पाठवलं नव्हतं, फक्त निघताना माझ्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. सही न करण्याचा अधिकार माझा होता, पण नुकसान त्याचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी खिशातून पेन काढलं. धंद्याची सवय, लालच निघालं. मॅनेजर पुढे झुकले. मी पहिल्या ओळीतलं 'परवानगीशिवाय प्रवेश केला' खोडून वर लिहिलं, 'चुकून उघडले गेले, कारण कुलूप नव्हते.' 'उमेदवारांची'चं 'एका उमेदवाराची' केलं. 'कोणताही दोष नाही' यातलं 'कोणताही' आणि 'नाही' दोन्ही काढले, 'दोष आहे' केलं. 'कुणाशी बोलणार नाही' यापुढे 'पान दुरुस्त होईपर्यंत' घातलं. 'खेद' राहू दिला, फक्त कशाबद्दल ते बदललं: त्या बाईंचा पत्ता पुसल्याबद्दल. खोडलेल्या 'परवानगी'तली चुकलेली वेलांटीही सुधारली, राहवलं नाही. मग कागद परत सरकवला.

"हे प्रूफ," मी म्हटलं. "असं टाइप करून आणा, आत्ता सही करतो."

"म्हणजे पत्र जाणार नाही," मॅनेजर म्हणाले.

"नका पाठवू. पण त्या बाईंचं पाठवा. त्यांच्या घरी."

सुभेदार उठले. "पत्रं कवयच खाली उनात," ते म्हणाले. "चला."

फाटकाच्या केबिनमध्ये टपालाचं पोतं होतं. कंपनीतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू फाटकावर नोंदली जाई, लिफाफेसुद्धा. सुभेदारांनी बाहेर जाणाऱ्या टपालाचं रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट फिरवलं, आणि पोत्यातून दोन लिफाफे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चिकटवलेल्या पट्ट्यांवर पत्ता एकच: माझं घर. एकावर मेहुण्याचं नाव, दुसऱ्यावर श्रीमती अमुक.

मॅनेजर बघत राहिले. मघापासून जे नुसते आकडे होते ते आता हातात धरता येत होते.

मूळ अर्ज आला तेव्हा त्याची छापील प्रत फायलीत लागली होती. टायवाल्याने ती धावत जाऊन आणली. जुना पत्ता, पूर्ण, अमळनेरचा. सुभेदारांनी पट्टी खरवडून काढली, स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहिला, दोनदा ताडून पाहिला, घरक्रमांक एकेक आकडा मोठ्याने म्हणत. लिफाफा पोत्यात गेला.

मॅनेजरांनी दुसरा उचलला. "हा मी ठेवतो."

"ठेवा," सुभेदार म्हणाले आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "आवक-जावक नंबर पडेल शे साहेब. बाहेर गेलेलं पत्र मांगे घेतलं, तर इथे लिखा: मांगे घेतलं. कारन लिखा. खाले सही करा."

"कारण काय लिहू?"

"जे शे ते."

मॅनेजरांनी पेन काढलं. रजिस्टरवर धरलं. ते पेन तिथे किती वेळ तरंगत होतं ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण बाहेर एक ट्रक आला, त्याचा नंबर एकेक आकडा करून लिहून झाला आणि तो आत गेला. मग मॅनेजरांनी पेनाला टोपण लावलं आणि लिफाफा पोत्यात टाकला. जोरात टाकला, पण टाकला. माझी सही मागणाऱ्या माणसाला स्वतःची द्यायची नव्हती.

जाताना सुभेदारांनी माझी बाहेर जायची वेळ लिहिली. मी म्हटलं, "आबा, तुमचे उपकार."

"उपकार कसाना? दार उघडं सापडनं, सांगनात. सगळ्यांनी असं सांगं तर मले वॉचमन कमी लागतीन."

पुढचं थोडक्यात. आठवड्याने ते पान जन्मतारीख आणि पासवर्ड विचारायला लागलं. मुलाखती झाल्या. मेहुण्याला ती नोकरी लागली नाही. त्याच्यासमोर तेच मॅनेजर बसले होते, हे कारण की त्याला मालाच्या साठ्याबद्दल काहीच सांगता आलं नाही हे कारण, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बाईंना लागली. मेहुणा आज धरणगावात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि माल घेताना आकडे एकेक करून बोलतो.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने मी घरी आलो तो छाती काढून. चपलाही न काढता बायकोला सगळं सांगितलं. लाल पेन, वेलांटी, भोकांचा कागद, तरंगतं पेन. सुभेदारांचा आवाज काढून दाखवला. मेहुणा ऐकून हसला आणि आत जाऊन मुलाखतीच्या तयारीचं पुस्तक उघडून बसला. बायको पोळ्या लाटत होती. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही, हे मला चांगलं लक्षण वाटलं. शेवटी मी म्हटलं, "सही केली नाही. माफी मागितली नाही. वाकलो नाही!"

तिने पोळी तव्यावर टाकली.

"त्या बाईला कुणी सांगितलं का, हे सगळं झालं ते? तिचं सगळं तुम्ही वाचलंत, तिचा पत्ता पुसलात?"

"तिला… कंपनी कळवेल बहुतेक."

"कंपनी!" ती म्हणाली. "चूक केलीत अमळनेरच्या बाईची, आणि न वाकायला गेलात धुळ्याला. आता पत्ता माहीत झालाय ना? उद्या सकाळच्या गाडीने जा, आणि तिथे नीट वाका."